दोष मिटला, की नुसता जुना झाला?

विंडोज 2000 ही प्रणाली 17 फेब्रुवारी 2000 रोजी बाजारात आली. त्याच्या काही दिवस आधी मायक्रोसॉफ्टमधले एक अंतर्गत टिपण बाहेर फुटले होते आणि त्यात 63 हजारांहून अधिक ‘संभाव्य ज्ञात दोषां’चा उल्लेख होता. आकडा भयंकर होता, त्यामुळे बातमी गाजली. पण तीच प्रणाली पुढे जगभरच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे चालली आणि कंपनीने तिला जुलै 2010 पर्यंत आधार दिला. मग ते 63 हजार दोष खोटे होते का? तसेही नाही. अशा यादीत खरे दोष असतात, नुसत्या शंका असतात, एकाच दोषाची चार नावे असतात आणि कुणाच्याही वाट्याला कधीच न येणाऱ्या गोष्टीही असतात. हे सगळे वेगळे काढल्याशिवाय आकड्यावरून काहीच ठरवता येत नाही.

हे वेगळे काढण्याच्या कामाला सॉफ्टवेअरच्या धंद्यात ट्रायज म्हणतात. आपण छाननी म्हणू. नव्या तक्रारींची छाननी तुलनेने सोपी असते, कारण तक्रार करणारा माणूस समोर असतो आणि त्याच्याकडची आवृत्ती ताजी असते. अवघड आहे ती जुन्या तक्रारींची छाननी. आठ-दहा वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलेले चार ओळींचे गाऱ्हाणे, तेव्हाचा संगणक, तेव्हाची आवृत्ती, आणि आज त्यावर निर्णय घ्यायचा: हे अजून खरे आहे का, किती गंभीर आहे, कधी हाती घ्यायचे, की बंद करायचे.

हे काम उघड्यावर चाललेले पाहायचे असेल, तर लिबरऑफिस पाहावे. मराठीत पत्रे, पुस्तके, प्रश्नपत्रिका लिहिणारे बरेच लोक हा मोफत कार्यालयीन संच वापरतात. 2010 साली ओपनऑफिसपासून तो वेगळा झाला आणि त्याच्या दोषांची नोंदवही पहिल्यापासून सर्वांना खुली आहे. ही नोंदवही बगझिला नावाच्या प्रणालीवर चालते. तिथे आलेली तक्रार आधी UNCONFIRMED असते, म्हणजे कुणीतरी सांगितले आहे, पण दुसऱ्या कुणी पडताळलेले नाही. तक्रारदाराखेरीज आणखी एकाला तोच दोष दिसला की ती NEW होते. माहिती अपुरी असेल तर NEEDINFO. सॉफ्टवेअरच्या नोंदवहीत ‘नवा’ हा शिक्का दहा वर्षे जुन्या तक्रारीवरही असू शकतो. त्याचा अर्थ एवढाच, की दोष खरा आहे आणि अजून कुणी दुरुस्त केलेला नाही.

आता एक तक्रार शेवटपर्यंत तपासून पाहू. तक्रार मी उदाहरणासाठी रचली आहे. तिच्यातल्या आवृत्त्या आणि कारणे मात्र खरी आहेत. समजा 2014 साली कुणी लिहिले: “विंडोज 7, लिबरऑफिस 4.2. ‘दऱ्या’ हा शब्द नीट उमटत नाही. अतिगंभीर. ताबडतोब दुरुस्त करा.” खाली पुढच्या काही वर्षांत आणखी तिघांनी लिहिले आहे, “माझ्याकडेही हेच होते.” त्यानंतर शांतता.

नवखा माणूस काय करील? आजची ताजी आवृत्ती उघडील, ‘दऱ्या’ टाइप करील, अक्षर नीट दिसेल आणि तो तक्रार बंद करून पुढच्या तक्रारीकडे वळेल. छाननीतली सगळ्यात मोठी चूक हीच. त्याला आज दोष दिसला नाही, एवढेच सिद्ध झाले. कदाचित त्याच्या हातून तो दोष कधीच दिसला नसता. त्याने वेगळा फॉन्ट घेतला असेल, वेगळा कीबोर्ड वापरला असेल. म्हणून पहिली पायरी उलटी असते: आधी जुनी 4.2 आवृत्ती मिळवायची आणि तिच्यात तो दोष स्वतःच्या डोळ्यांनी पाहायचा. लिबरऑफिसच्या जुन्या आवृत्त्या त्यांच्या संग्रहातून उतरवून घेता येतात, त्यामुळे हे शक्य होते. जुन्या आवृत्तीत दोष दिसला आणि त्याच फाइलवर, त्याच फॉन्टमध्ये, त्याच पायऱ्यांनी नव्या आवृत्तीत दिसला नाही, तरच ‘गेला’ म्हणता येते.

‘त्याच फाइलवर’ हे शब्द इथे फार महत्त्वाचे आहेत. ‘दऱ्या’मधला आडवा र संगणकाच्या पोटात दोन प्रकारे साठवला जातो. एक प्रकार म्हणजे ऱ हे स्वतंत्र अक्षर, त्याला हलंत आणि मग य. दुसरा म्हणजे साधा र, हलंत, त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य. ते अदृश्य चिन्ह गळले, की आडवा र जाऊन रफार येतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातल्या खोलगट जागांचा समुद्र होतो. पडद्यावर सारख्याच दिसणाऱ्या या दोषामागे तीन वेगळी कारणे असू शकतात: टाइप करणाऱ्याच्या कीबोर्डाने ते चिन्ह घातलेच नाही, फॉन्टमध्ये आडव्या र ची आकृतीच नाही, किंवा अक्षरे जुळवणारा लिबरऑफिसमधला भाग चुकतो. पहिल्या दोन कारणांत लिबरऑफिसचा दोष नाही. मूळ फाइल हातात नसेल, तर यांतले कोणते कारण ते सांगताच येत नाही. म्हणून जुन्या तक्रारीला फाइल जोडलेली आहे का, हे मी सगळ्यात आधी पाहतो. नसेल, तर तक्रारदाराला विचारायचे आणि NEEDINFO लावायचे. स्वतःच्या अंदाजाने पुढे जायचे नाही.

समजा फाइल आहे. 4.2 मध्ये विंडोजवर दोष दिसतो. त्याच 4.2 मध्ये लिनक्सवर दिसत नाही. हा मोठा धागा आहे. लिबरऑफिसने लिनक्सवर अक्षरजुळणीसाठी हार्फबझ हा घटक 4.1 पासून, म्हणजे 2013 मध्येच घेतला होता. विंडोजवर मात्र तेव्हा विंडोजचीच जुळणी वापरली जाई. फेब्रुवारी 2017 मध्ये 5.3 आवृत्ती आली आणि सगळ्या प्रणालींवर हार्फबझ लागू झाले. मग 5.3 च्या अगोदरची आणि 5.3 अशा दोन आवृत्त्या विंडोजवर तपासायच्या. आधीच्या आवृत्तीत दोष आहे आणि 5.3 मध्ये नाही, असे निघाले तर कारणही हाती आले. असा एखादा मोठा बदल सापडला, की जुन्या यादीतल्या त्याच जातीच्या तक्रारी एकत्र काढून तपासाव्यात. देवनागरी, बंगाली, तमिळ, अरबी अशा लिप्यांच्या 2017 पूर्वीच्या विंडोजवरच्या तक्रारी हा असा एक गठ्ठा होतो. यादी वरून खाली वाचत जाण्यापेक्षा अशा गठ्ठ्यांनी काम कितीतरी पटीने सरते.

आता ही तक्रार बंद करता येईल. पण FIXED म्हणून नाही. लिबरऑफिसमध्ये तो शिक्का फक्त तेव्हा लागतो, जेव्हा कोणत्या नेमक्या बदलाने दोष गेला हे माहीत असते. नाहीतर WORKSFORME, म्हणजे आता व्यवस्थित चालते. हा भेद कारकुनी वाटेल, पण त्याला कारण आहे. पुढे कधी दोष परत उपटला, तर FIXED असलेल्या नोंदीवरून कार्यक्रमकार थेट त्या बदलापाशी जाऊ शकतो. खोटा FIXED त्याला चुकीच्या ठिकाणी खणायला लावतो.

आणि बंद करण्याआधी त्या तीन “माझ्याकडेही हेच” प्रतिक्रिया वाचायच्याच. जुन्या तक्रारींतले खरे धोके तिथे दडलेले असतात. समजा तिसऱ्याने पुढे लिहिले आहे, “पीडीएफ केल्यावर त्यातला मजकूर कॉपी केला, की ‘कि’चे ‘िक’ होते.” हा तोच दोष नाही. ऱ्हस्व वेलांटी साठवणीत व्यंजनानंतर असते आणि छापताना व्यंजनाआधी येते. पीडीएफमधून मजकूर परत काढताना छापलेल्या क्रमाने अक्षरे उचलली, तर शब्द उलटसुलट होतात. पडद्यावर पान सुंदर दिसते. पण त्या पीडीएफमध्ये शब्द शोधला तर सापडत नाही, आणि दृष्टिहीन वाचकाला पडदा वाचून दाखवणारा कार्यक्रम भलतेच ऐकवतो. मूळ तक्रार बंद केली, की ही गोष्टही नोंदीबाहेर जाते आणि कुणाला पत्ता लागत नाही. म्हणून ती वेगळी काढायची, नवी नोंद करायची, दोन्ही नोंदी एकमेकींना जोडायच्या आणि मगच जुनी मिटवायची.

या नव्या नोंदीच्या निमित्ताने गांभीर्य आणि प्राधान्य या दोन गोष्टींकडे येऊ. लोक हे दोन्ही एकच समजतात आणि जुन्या याद्या बहुतेक त्यामुळेच बिघडतात. गांभीर्य म्हणजे दोष ज्याला गाठतो, त्याचे किती नुकसान करतो. ते दोषावरून ठरते. प्राधान्य म्हणजे आपण तो कधी हाती घेणार. ते आपल्याकडच्या माणसांवरून, वेळेवरून आणि पुढची आवृत्ती कधी आहे यावरून ठरते. गांभीर्य पडताळून सांगता येते. प्राधान्य हा निर्णय असतो आणि तो उद्या बदलू शकतो.

फायरफॉक्स ब्राउझर बनवणाऱ्या मोझिलाने यासाठी दोन सरळ पट्ट्या ठेवल्या आहेत. गांभीर्याच्या S1 ते S4. वापरणाऱ्याची माहिती नष्ट होते किंवा फार मोठ्या संख्येने लोक अडकतात आणि पळवाट नाही, ते S1. महत्त्वाचे काम अडते आणि समाधानकारक पळवाट नाही, ते S2. पळवाट आहे, ते S3. दिसण्यापुरता किरकोळ बिघाड, तो S4. या पट्टीत मला सर्वांत उपयोगी वाटतो तो पळवाटेचा प्रश्न. ‘गंभीर आहे का?’ असे विचारले तर प्रत्येक जण हो म्हणतो. ‘आज दुपारपर्यंत काम संपवायचे असेल तर तुम्ही काय कराल?’ असे विचारले, की खरे उत्तर मिळते. ‘दऱ्या’ची मूळ तक्रार तक्रारदाराने अतिगंभीर म्हणून टाकली होती. फॉन्ट बदलून शब्द नीट उमटत असेल, तर ती S3 ठरते. कोणत्याच फॉन्टने सुटत नसेल तर S2, कारण छापील मजकुराचा अर्थ बदलतो आणि कुठलीही सूचना मिळत नाही. गुपचूप चुकणारा दोष, धाडकन बंद पडणाऱ्या दोषापेक्षा कित्येकदा वाईट असतो. कार्यक्रम बंद पडला तर माणसाला कळते तरी. चुकलेली बेरीज किंवा बदललेला शब्द पुस्तक छापून झाल्यावर कळतो.

प्राधान्याची पट्टी P1 पासून P5 पर्यंत जाते. P1 म्हणजे चालू आवृत्तीच्या चक्रातच दुरुस्त करायचे, P2 पुढच्या एक-दोन चक्रांत, P3 म्हणजे शिल्लक यादीत, आणि P5 चा अर्थ मला विशेष प्रामाणिक वाटतो: आम्ही स्वतः हे करणार नाही, पण कुणी दुरुस्ती करून आणली तर घेऊ. वर्षानुवर्षे ‘लवकरच’ असे म्हणत राहण्यापेक्षा हे शंभर पटींनी बरे. तक्रारदाराला कळते, की वाट पाहण्यात अर्थ नाही. एक तर पळवाट काढावी किंवा स्वतः हात लावावा.

दोन्ही पट्ट्या वेगळ्या ठेवल्या, की विसंगत वाटणाऱ्या नोंदीही शहाणपणाच्या ठरतात. वीस वर्षांपूर्वीच्या एका फाइलप्रकाराची एक दुर्मीळ फाइल उघडताना कार्यक्रम कोसळतो: नुकसान मोठे, पण ती फाइल दुसऱ्या मार्गाने उघडता येते आणि तशी माणसे मोजकीच, म्हणून प्राधान्य खाली. उलट उद्या प्रसिद्ध होणाऱ्या आवृत्तीच्या पहिल्याच पडद्यावर आवृत्तीचा क्रमांक चुकीचा आहे: कुणाचेही नुकसान नाही, पण आजच दुरुस्त करायचे. आपल्या पीडीएफच्या नोंदीचे काय? डोळस माणसाला शोधाची आणि कॉपीची अडचण, पळवाट म्हणजे मूळ फाइल मागणे. दृष्टिहीन वाचकाकडे मूळ फाइल नसते, त्यामुळे त्याला पळवाटच नाही. मी तिला S2 म्हणेन. ज्याच्याकडे सर्वांत कमी उपाय आहेत, त्याच्या बाजूने गांभीर्य मोजावे, असे माझे ठाम मत आहे. प्राधान्य मात्र मी एकटा ठरवू शकत नाही. पीडीएफच्या भागावर काम करणारा माणूस ठरवील.

यादी बिघडली आहे हे ओळखायची खूणही याच पट्ट्यांत आहे. निम्म्याहून अधिक नोंदी सर्वांत वरच्या दोन पायऱ्यांवर जाऊन बसल्या असतील, तर ती पट्टी आता काही मोजत नाही. लोकांनी लक्ष वेधून घेण्यासाठी ती वापरली आहे. अशा वेळी नव्या पायऱ्या वाढवण्याऐवजी वरच्या नोंदी एकेक उघडून पळवाटेचा प्रश्न विचारत खाली आणाव्यात.

एक जात मात्र जुनी असली तरी वर काढावी: आधी नीट चालत होते आणि मग बिघडले, अशा दोषांची. कारण तिथे ‘कोणत्या बदलाने बिघडले’ या प्रश्नाला नेमके उत्तर असते. लिबरऑफिसच्या मंडळींनी यासाठी तयार, चालत्या प्रतींचे मोठे साठे ठेवले आहेत. समजा चांगली प्रत आणि बिघडलेली प्रत यांच्यामध्ये हजार प्रती आहेत. मधली प्रत चालवायची. ती चांगली निघाली तर दोष पुढच्या अर्ध्यात, बिघडलेली निघाली तर मागच्या अर्ध्यात. असे दर वेळी अर्धे करत गेले, की साधारण दहा चाचण्यांत नेमकी प्रत सापडते. यासाठी कार्यक्रम लिहिता येण्याची गरज नाही. फाइल उघडून ‘बरोबर’ किंवा ‘चूक’ एवढे सांगता आले पाहिजे. म्हणूनच तिथल्या नियमांत एक बारकावा आहे: नोंदीतला आवृत्तीचा रकाना दोष सर्वांत आधी कुठे दिसला ते सांगतो, त्यामुळे नव्या आवृत्तीत दोष पाहिला म्हणून तो रकाना बदलायचा नाही. उत्साही माणसे हमखास तो बदलतात आणि एक महत्त्वाचा पुरावा पुसला जातो.

आता बंद करण्याबद्दल. माहिती मागितली आणि उत्तर आले नाही, तर लिबरऑफिसमध्ये सहा महिन्यांनी आठवण जाते, आणखी एक महिना वाट पाहून नोंद INSUFFICIENTDATA म्हणून मिटते. मला हा नियम योग्य वाटतो, कारण बंद करण्याचे कारण शिक्क्यातच आहे: दोष नाही असे कुणी म्हणत नाही, पुरावा अपुरा आहे एवढेच म्हटले आहे, आणि पुरावा आला तर नोंद पुन्हा उघडते. पण जी नोंद पडताळलेली आहे, पायऱ्यांसकट आहे, ती केवळ वर्षभर कुणी बोलले नाही म्हणून आपोआप बंद करण्याची पद्धत काही ठिकाणी आहे, तिला माझा विरोध आहे. लिबरऑफिसमध्ये अशा वेळी फक्त विचारणा होते: ताज्या आवृत्तीत पुन्हा तपासून सांगाल का? उत्तर आले नाही म्हणून दोष मिटत नाही; बहुधा लिहिणारा माणूस कंटाळून दुसरे काहीतरी वापरू लागलेला असतो. माहिती नष्ट करणारे, सुरक्षेला धक्का देणारे आणि कधीतरीच घडणारे दोष तर शांततेच्या आधारावर कधीही मिटवू नयेत. शेवटचा प्रकार विशेष फसवा आहे. पन्नास वेळांत एकदा घडणारा दोष दहा वेळा तपासून ‘दिसला नाही’ म्हणणे म्हणजे काहीच न तपासणे.

काही दोष मात्र खरे असूनही जाणूनबुजून तसेच ठेवावे लागतात. याचा सर्वांत प्रसिद्ध नमुना एक्सेलमध्ये आहे. एक्सेल 1900 हे लीप वर्ष मानते, म्हणजे त्यात 29 फेब्रुवारी 1900 ही कधीच न आलेली तारीख आहे. ही चूक लोटस 1-2-3 या त्याआधीच्या कार्यक्रमातून आली. लोटसच्या फाइली एक्सेलमध्ये जशाच्या तशा चालाव्यात म्हणून मायक्रोसॉफ्टने ती मुद्दाम घेतली. एक्सेल तारीख म्हणजे दिवसांचा अनुक्रमांक साठवते. आज ती चूक सुधारली, तर जगभरच्या फाइलींतल्या जवळजवळ सगळ्या तारखा एका दिवसाने सरकतील. न सुधारल्याचा तोटा काय, तर 1 मार्च 1900 पूर्वीच्या तारखांचे वार चुकतात. लिबरऑफिसने आपली मोजणी 30 डिसेंबर 1899 पासून सुरू केली, त्यामुळे खोटी तारीख टळली आणि 1 मार्च 1900 पासून दोन्हींचे अनुक्रमांक जुळले. मायक्रोसॉफ्टने आपला निर्णय कारणांसह लेखी जाहीर केलेला आहे. ‘दुरुस्त करणार नाही’ हे उत्तर असे द्यावे: दोष मान्य, दुरुस्तीचे नुकसान अधिक, आणि कुणाला कुठे फटका बसेल ते स्पष्ट. कारण न लिहिता बंद केलेली नोंद वर्षभरात नव्या क्रमांकाने परत येते आणि सगळी तपासणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते.

तुम्ही कधी काळी एखाद्या खुल्या नोंदवहीत तक्रार केली असेल आणि इतक्या वर्षांनी ‘पुन्हा तपासून सांगाल का?’ अशी मेल आली, तर ती कचऱ्यात टाकू नका. ताजी आवृत्ती घ्या, तीच जुनी फाइल उघडा, त्याच पायऱ्या करा आणि दोन ओळी लिहा: आवृत्तीचा पूर्ण क्रमांक अमुक, प्रणाली अमुक, दोष दिसला किंवा दिसला नाही. ‘अजून तसेच आहे’ एवढे लिहून थांबू नका, फाइल जोडा. मराठी फाइलवरचा दोष पाहून ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ यांतला फरक ओळखणारी माणसे त्या छाननीला क्वचितच मिळतात.